मराठीतलं एक वाक्य, ३.६ सेकंद आणि दोन भाषा: व्हिएतनामी आणि चिनी सबटायटलचं गणित

तळेगाव एमआयडीसीच्या रस्त्यावरून जाताना कारखान्यांच्या पाट्या वाचल्या की गेल्या काही वर्षांत इथे कोणकोणत्या भाषा येऊन गेल्या ते कळतं. जनरल मोटर्सच्या प्लांटमध्ये २०२०च्या शेवटी गाड्या बनणं थांबलं. त्याच वर्षी जानेवारीत तो प्लांट चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकायचा करार झाला होता, पण तो पुरा झाला नाही. शेवटी २०२३मध्ये कोरियाच्या ह्युंदाईने करार केला. तिकडे तमिळनाडूत थुथुकुडीला व्हिएतनामच्या विनफास्टचा कारखाना ऑगस्ट २०२५मध्ये सुरू झाला. मोठ्या कंपन्यांच्या मागोमाग सुटे भाग आणि मशिनं बनवणारे छोटे कारखानेही देशाबाहेर माल पाठवतात. मालासोबत ऑपरेटरला शिकवण्याचा व्हिडिओ जातो, आणि तो पाहिला जातो फोनवर.

असाच एक सात मिनिटांचा व्हिडिओ माझ्याकडे आला. मी तळेगाव दाभाड्यात बसून सबटायटलचं काम करतो. म्हणजे अनुवाद त्या त्या भाषेचे अनुवादक करतात, आणि कुठली ओळ कधी दिसेल, किती वेळ टिकेल, कुठे तुटेल ते मी पाहतो. व्हिडिओत चाकणच्या बाजूचा एक अनुभवी लाइन सुपरवायझर मराठीत मशीन समजावून सांगत होता. तो एका जागी व्हिएतनाममध्ये आणि एका जागी चीनमध्ये दाखवायचा होता. निरोप आला, “दोनच भाषा आहेत, भाऊ, उद्यापर्यंत होईल ना?”

तीन दिवस लागले, आणि त्यातला बराच वेळ एकाच वाक्यावर गेला. ते वाक्य तुम्हाला नीट उलगडून दाखवतो. सबटायटलमध्ये नेमकं काय अडतं, ते नियमांच्या यादीपेक्षा या एका वाक्यातून लवकर समजेल.

वाक्य असं होतं

“लाल दिवा विझून हिरवा लागेपर्यंत दार उघडायचं नाही, हात आत घालायचा नाही.”

सुपरवायझर हे ३.६ सेकंदांत बोलून मोकळा होतो. लगेच पुढचं वाक्य सुरू होतं, मधे श्वास घेण्याइतकीही जागा नाही. म्हणजे सबटायटल बोलणं संपल्यावर अर्धा सेकंद जास्त ठेवू, ही नेहमीची सोय इथे नाही. जे काय वाचायचं ते ३.६ सेकंदांत.

आता मर्यादा. या धंद्यात नेटफ्लिक्सचं टाइम्ड टेक्स्ट स्टाइल गाइड सगळ्यांना उघडं आहे आणि बरेच जण तेच पायाला धरतात. चैतन्य ताम्हाणेंचा ‘द डिसायपल’ २०२१मध्ये नेटफ्लिक्सवर आला. अशा मराठी चित्रपटाची सबटायटल दुसऱ्या भाषांत करायची तर तिथेही याच जातीचे नियम लागतात. मी ज्या आकड्यांवर काम करतो ते असे: व्हिएतनामीत एका ओळीत जास्तीत जास्त ४२ अक्षरं आणि मोठ्यांच्या कार्यक्रमासाठी सेकंदाला १७ अक्षरं. सरलीकृत चिनीत एका ओळीत १६ अक्षरं आणि सेकंदाला ९. दोन्हीकडे ओळी दोनच. एक सबटायटल कमीत कमी सेकंदाच्या पाच-षष्ठांश, म्हणजे साधारण ०.८३ सेकंद, आणि जास्तीत जास्त ७ सेकंद टिकावं. दोन सबटायटलमध्ये दोन फ्रेमची फट हवी, नाहीतर मजकूर बदललाय हे डोळ्याला कळतच नाही.

दुसरा ग्राहक वेगळे आकडे देऊ शकतो, म्हणून काम घेतानाच विचारून घ्यायचं. पण आकडे कुठलेही असोत, लक्षात ठेवायची गोष्ट ही की या दोन वेगळ्या मर्यादा आहेत. ओळीची लांबी हा स्क्रीनवरच्या जागेचा प्रश्न आहे, आणि सेकंदाला किती अक्षरं हा वाचणाऱ्याच्या वेळेचा. एक सुटला म्हणून दुसरा सुटत नाही.

व्हिएतनामी: जागा मिळाली, वेळ मिळाला नाही

पहिला अनुवाद आला तो पूर्ण आणि अचूक होता:

```
12
00:00:41,200 --> 00:00:44,800
Không mở cửa và không đưa tay vào bên trong
cho đến khi đèn đỏ tắt và đèn xanh sáng.
```

पहिली ओळ मोजली तर ४३ अक्षरं. एका अक्षराने जास्त. दुसरी ४०. इथे नवख्या माणसाला वाटतं की एकच अक्षर काढायचंय, काम झालं. आणि ते सोपंही आहे. शेवटच्या दोन शब्दांतला `bên` काढला तरी ‘आत’ हा अर्थ राहतो, आणि ओळ ३९वर येते. सॉफ्टवेअरमधली लाल खूण जाते.

पण वेग बघा. मूळ दोन्ही ओळी मिळून ८३ अक्षरं होती:

```
83 ÷ 3.6 = 23.1
79 ÷ 3.6 = 21.9
```

मर्यादा १७ची, म्हणजे ३.६ सेकंदांत ६१ अक्षरं. एक शब्द काढूनही आपण १८ अक्षरांनी पुढेच आहोत. प्रेक्षक पहिली ओळ वाचून दुसरीच्या मध्यावर पोचेल आणि सबटायटल निघून जाईल. आणि दुसऱ्या ओळीत काय आहे? दिवा. म्हणजे ‘दार उघडू नका’ एवढं त्याला कळेल आणि ‘कधीपर्यंत’ ते हुकेल.

एकाची दोन सबटायटल करून बघू, असं सुचतं. पण त्याने वेळ वाढत नाही. ३.६ सेकंद तेवढेच राहतात, उलट मधली फट वजा होते. तुकडे केल्याने स्क्रीनवरची गर्दी कमी होते, वाचायचं ओझं तेवढंच राहतं. ओझं कमी करायचं तर मजकूरच कमी करावा लागतो.

व्हिएतनामी इतकी जागा का खाते? तिची लिपी रोमन आहे, पण ती प्रत्येक उच्चार-खंड सुटा लिहिते आणि मधे मोकळी जागा सोडते. ती मोकळी जागाही मोजणीत एक अक्षर धरली जाते. वरच्या ८३ अक्षरांत १८ तर नुसत्या मोकळ्या जागा आहेत. शिवाय आपल्याकडे ‘लागेपर्यंत’ या एका शब्दाला प्रत्यय चिकटून जे काम होतं, त्यासाठी तिथे `cho đến khi` असे तीन सुटे शब्द लागतात.

क्रमाचा घोळ

लांबीहून मोठी अडचण क्रमाची होती, आणि ती माझ्या चुकीमुळे आली होती.

मी दोन्ही अनुवादकांना मराठीऐवजी इंग्रजी टेम्प्लेट पाठवलं होतं. या धंद्यात तशी पद्धतच आहे. मूळ संवाद आधी इंग्रजीत करतात, त्याला टाइमकोड लावतात आणि तीच फाइल सगळ्या भाषांना देतात. मराठी आणि व्हिएतनामी दोन्ही येणारा अनुवादक मिळणं अवघड असल्याने दुसरा रस्ताही नसतो.

पण इंग्रजीत वाक्य फिरतं. ‘उघडू नका’ आधी येतं, ‘दिवा लागेपर्यंत’ नंतर. मराठीत उलटं आहे: आधी दिवा, मग दार, आणि नकार अगदी शेवटी. सुपरवायझर बोलताना हातही त्याच क्रमाने हलवतो. आधी वरच्या दिव्याकडे बोट, मग दाराच्या मुठीकडे. इंग्रजीच्या क्रमाने चाललेल्या व्हिएतनामी सबटायटलमध्ये बोट दिव्यावर असताना वाचणारा दाराचं वाचत होता, आणि बोट दारावर गेलं तेव्हा दिव्याचं.

चित्रपटात संवाद आणि चेहरा थोडा मागेपुढे झाला तर चालून जातं. मशीन शिकवताना बोट जिथे आहे तिथलाच शब्द स्क्रीनवर हवा.

मी अनुवादक बाईंना व्हिडिओ परत पाठवला आणि लिहिलं, “इंग्रजी विसरा. तो आधी दिवा दाखवतो, मग दार. त्या क्रमाने, कमी शब्दांत सांगता येईल का?” त्यांचं उत्तर आलं:

```
Đèn chưa xanh thì đừng mở cửa,
đừng đưa tay vào.
```

अर्थ साधारण असा, ‘दिवा अजून हिरवा नाही, तर दार उघडू नका, हात घालू नका.’ पहिल्या ओळीत ३० अक्षरं, दुसरीत १७, एकूण ४७. वेग सेकंदाला १३.१. क्रमही मराठीसारखा, आधी दिवा. एकाच बदलात लांबी, वेग आणि बोट असे तीनही प्रश्न सुटले.

काय गाळलं, हे कुणाला विचारलं?

पण गाळलेलं काही होतंच. ‘लाल दिवा विझून’ हे गेलं. ते जाऊ द्यायचं की नाही, हे अनुवादकाने ठरवायचं नाही, आणि मीही नाही. मी कारखान्यातल्या मेंटेनन्सच्या माणसाला फोन लावला. “दादा, लाल आणि हिरवा दिवा एकदम लागू शकतात का?” ते म्हणाले, “नाही, एक विझल्याशिवाय दुसरा लागतच नाही.” मग लाल दिव्याचा उल्लेख गाळायला हरकत नव्हती, कारण हिरवा लागला म्हणजे लाल विझलाच. दोन्ही एकदम लागू शकत असते, तर ते चार-पाच शब्द वाचवायला नव्हे, ठेवायला जागा शोधावी लागली असती.

त्याच फोनवर ते सहज बोलून गेले, “पण त्याच टॉवर लाइटमध्ये निळा पण आहे हां.”

इथे मी थांबलो. व्हिएतनामीत `xanh` हा शब्द हिरव्यालाही चालतो आणि निळ्यालाही. सिग्नलवर `đèn xanh` म्हटलं की सगळ्यांना हिरवाच समजतो, कारण सिग्नलला निळा दिवा नसतो. पण ज्या मशीनवर दोन्ही रंग आहेत तिथे नुसता `xanh` अपुरा आहे. यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकात हिरवा दिवा म्हणजे सगळं सुरळीत, आणि निळा म्हणजे ऑपरेटरने काहीतरी करणं आवश्यक आहे. निळा पाहून कुणी ‘झालं, उघडू’ असं समजला तर अनुवाद ‘बरोबर’ असूनही हात आत जाईल.

हिरवा स्पष्ट करायला `xanh lá` म्हणतात, म्हणजे पानासारखा. त्यासाठी वाक्य थोडं बदलावं लागलं:

```
12
00:00:41,200 --> 00:00:44,800
Đèn xanh lá chưa sáng thì đừng mở cửa,
đừng đưa tay vào.
```

पहिली ओळ ३८, दुसरी १७, एकूण ५५. वेग १५.३. दोन्ही मर्यादांच्या आत. आधी वाक्य आटवलं होतं म्हणून हा जास्तीचा शब्द बसवायला जागा उरली. आणि हे कुठल्याही सॉफ्टवेअरच्या लाल-हिरव्या खुणेने सांगितलं नसतं. ५५ पण हिरवं, ४७ पण हिरवंच.

चिनी: सगळं बसतं, म्हणून सावध

तेच वाक्य चिनीत असं आलं:

```
12
00:00:41,200 --> 00:00:44,800
红灯熄灭 绿灯亮起之前
不要开门 也不要把手伸进去
```

मधल्या मोकळ्या जागा धरून पहिली ओळ ११, दुसरी १३, एकूण २४. वेग ६.७, मर्यादा ९ची. काहीही न गाळता पूर्ण वाक्य बसलं, लाल दिव्यासकट. क्रमही पाहा: पहिल्या ओळीच्या शेवटची दोन अक्षरं `之前`, म्हणजे ‘च्या आधी’. आपल्या ‘पर्यंत’सारखंच ते अटीच्या शेवटी लागतं. इंग्रजी टेम्प्लेट हातात असूनही चिनी अनुवादकाला दिवा आधी आणि दार नंतर असंच लिहावं लागलं, कारण चिनीत सहज वाक्य तसंच होतं. बोट आणि शब्द आपोआप जुळले.

१६ अक्षरांची ओळ ऐकून वाटतं की चिनीला फार कमी जागा दिलीय. पण तिथलं एक अक्षर म्हणजे एक अख्खा उच्चार, आणि बहुतेक वेळा एक अर्थही. रुंदीलाही ते रोमन अक्षराच्या साधारण दुप्पट असतं. म्हणून स्क्रीनवर १६ चिनी अक्षरांची ओळ ३२ रोमन अक्षरांएवढी दिसते. ४२ आणि १६ हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थच नाही. मोजायचं माप वेगळं आहे.

चिनीत वाट अडते ती वेगळ्या ठिकाणी. चिनी लिहिताना शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. सबटायटलमध्ये स्वल्पविरामाच्या ऐवजी एक मोकळी जागा देतात, तेवढीच. त्यामुळे ओळ तुम्ही स्वतः तोडली नाही आणि फोन अरुंद निघाला, तर प्लेयर जागा संपली तिथे ओळ तोडतो. ‘नको’ सांगणाऱ्या दोन अक्षरांतलं एक वर आणि एक खाली जाऊ शकतं.

गंमत म्हणजे व्हिएतनामीत हाच अपघात उलट्या कारणाने होतो. तिथे जागा इतक्या आहेत की कुठेही तोडलं तरी ते वैध दिसतं. पण `an toàn` म्हणजे ‘सुरक्षित’, हा एक शब्द आहे, जरी मधे जागा असली तरी. `an` वर आणि `toàn` खाली गेलं तर वाचणारा क्षणभर अडखळतो. आपल्याकडे ‘सुर’ एका ओळीत आणि ‘क्षित’ दुसरीत आल्यासारखं. एका भाषेत जागाच नाहीत आणि दुसरीत जास्त आहेत. शब्द कुठे संपतो हे दोन्हीकडे यंत्राला कळत नाही, म्हणून ओळ माणसानेच तोडावी लागते.

‘एक अक्षर’ म्हणजे नक्की काय?

आता एक तांत्रिक खड्डा, ज्यात मी स्वतः पडलोय. एकदा व्हिएतनामी फाइल आली आणि जवळजवळ प्रत्येक ओळ मर्यादेबाहेर दाखवायला लागली. डोळ्यांनी मोजलं तर ३०, सॉफ्टवेअर म्हणतंय ४०च्या वर.

मराठी माणसाला हे पटकन समजेल. ‘क्षि’ हे आपल्यासाठी एक अक्षर. पण फोनच्या लेखी ती चार चिन्हं आहेत: क, हलंत, ष आणि ऱ्हस्व वेलांटी. व्हिएतनामीतही एका स्वरावर दोन-दोन खुणा येतात, आणि युनिकोडमध्ये ते अक्षर दोन प्रकारे साठवता येतं. एकतर सगळं मिळून एकच चिन्ह, नाहीतर मूळ स्वर आणि प्रत्येक खूण सुटी. स्क्रीनवर दोन्ही सारखंच दिसतं, मोजणीत नाही:

```
import unicodedata as u
s = "Không mở cửa"
len(u.normalize("NFC", s))  # 12
len(u.normalize("NFD", s))  # 17
```

१२ अक्षरं १७ झाली. अशी फाइल आली तर अनुवादकाला ‘अजून कापा’ सांगण्याआधी मजकूर एनएफसी रूपात आणायचा आणि मग मोजायचं. नाहीतर चांगला अनुवाद विनाकारण कापला जातो. ओळखायची खूण सोपी आहे. खुणांच्या अक्षरावर बॅकस्पेस मारून बघा. पूर्ण अक्षराऐवजी नुसती वरची खूण गेली, तर फाइल सुट्या रूपात असण्याची दाट शक्यता आहे.

आणि फाइल कायम यूटीएफ-८मध्येच सेव्ह करायची. व्हिएतनामीत खुणा म्हणजे शोभा नाही. `cửa` म्हणजे दार, `cưa` म्हणजे करवत, `của` म्हणजे ‘चा-ची-चे’, आणि सगळ्या खुणा उडाल्या तर `cua` म्हणजे खेकडा. ‘दार उघडू नका’मधल्या दाराचा खेकडा झाला तर हसू येईल, पण मशीनसमोर उभ्या माणसाचा तो एक सेकंद वाया गेलेला असतो.

फोन उभा धरला की पुन्हा पहिल्यापासून

४२ अक्षरांची ओळ आडव्या स्क्रीनसाठी ठीक आहे. आमचा व्हिडिओ मात्र कारखान्यात लोक उभ्या फोनवर बघणार होते, आणि त्याची उभी आवृत्तीही बनवायची होती. उभ्या स्क्रीनवर वाचता येईल एवढ्या आकारात ३८ अक्षरांची ओळ मावली नाही. प्लेयरने तिच्या दोन केल्या, खालची एक धरून तीन ओळी झाल्या, आणि तिसरी ओळ नेमकी दाराच्या मुठीवर बसली.

इथे मात्र वाक्याचे तुकडे करणं कामाला आलं, कारण आता प्रश्न वेळेचा नसून जागेचा होता:

```
12
00:00:41,200 --> 00:00:43,600
Đèn xanh lá chưa sáng
thì đừng mở cửa,

13
00:00:43,680 --> 00:00:44,800
đừng đưa tay vào.
```

पहिला तुकडा २.४ सेकंद, ३७ अक्षरं, वेग १५.४. मग ८० मिलिसेकंदांची फट, म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेम. दुसरा तुकडा १.१२ सेकंद, १७ अक्षरं, वेग १५.२. किमान ०.८३ सेकंदाच्या अटीतही तो बसतो. आणि दुसरा तुकडा बरोबर तेव्हा येतो जेव्हा सुपरवायझर ‘हात आत’ म्हणतो. पहिली ओळ तोडली ती अट संपते तिथे, `thì` म्हणजे ‘तर’च्या आधी. चिनीच्या ११ आणि १३ अक्षरांच्या ओळींना उभ्या स्क्रीनवर हातही लावावा लागला नाही.

अजून एक बघायचं असतं. व्हिएतनामी स्वरांवर वरखाली खुणा असतात, त्यामुळे दोन ओळी फार चिकटवल्या तर वरच्या ओळीची खालची खूण आणि खालच्या ओळीची वरची खूण एकमेकांवर आदळतात. आपल्याकडे उकारावर खालच्या ओळीची वेलांटी चढते तसंच. सबटायटल व्हिडिओतच पक्के छापणार असाल तर ओळींमधलं अंतर थोडं वाढवा.

मग प्रत्येक वेळी सबटायटलच का?

हा प्रश्न मी आता काम घेतानाच विचारतो. चीनमध्ये चिनी कार्यक्रमांनाही चिनी सबटायटल असतात. बोली वेगवेगळ्या असल्या तरी लिपी एकच असल्याने लोकांना ती वाचायची सवय आहे. व्हिएतनाममध्ये परदेशी चित्रपट टीव्हीवर दाखवताना एकच निवेदक सगळ्यांचे संवाद मूळ आवाजावर वाचून दाखवतो, ही जुनी पद्धत आहे. तिला `thuyết minh` म्हणतात. त्या प्रेक्षकाला एका आवाजात सगळं ऐकणं मुळीच विचित्र वाटत नाही.

म्हणून ज्या व्हिडिओत माणूस न थांबता बोलतोय, गाळायला काही नाही आणि बघणाऱ्याचे डोळे मशीनवर असायला हवेत, तिथे व्हिएतनामीसाठी मी निवेदकाचा आवाज सुचवतो. वाचताना नजर खाली जाते. ऐकताना ती दिव्यावर राहते. आमच्या व्हिडिओतली एक मिनिटभराची जागा शेवटी तशीच केली, बाकीची सबटायटलवर निभावली.

तुम्हाला हे करून बघायचं असेल तर स्वतःचाच एखादा तीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या. ‘सबटायटल एडिट’ हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात ओळीची लांबी आणि सेकंदाला अक्षरं या दोन मर्यादा भाषेप्रमाणे टाकता येतात. सगळ्या खुणा गेल्या की फाइल फोनवर टाका, आवाज बंद करा, आणि ती भाषा येणाऱ्या माणसाला एकदाच दाखवा. थांबवायचं नाही, मागे न्यायचं नाही. मग विचारा, “दार कधी उघडायचं?”

आमच्या पहिल्या फाइलवर व्हिएतनामहून उत्तर आलं होतं, “उघडायचं नाही.” दुसऱ्या फाइलवर आलं, “हिरवा लागल्यावर.”